१,२०० डॉलर निघाले, पोचले किती?

वाचकाचं पत्र

मी तीन वर्षं घरून वेबसाइट डेव्हलपमेंटचं काम करते. मुख्य क्लायंट अमेरिकेतला आहे, दर महिन्याला १,२०० डॉलरचं बिल. मागचं बिल पाठवलं त्या दिवशी दर ९०.६० होता, म्हणजे १,०८,७२० रुपये यायला हवे होते. आले १,०३,९५१. स्टेटमेंटवर चार्जेस फक्त ४७९ रुपयांचे. बाकीचे कुठे गेले ते शाखेत कुणी सांगत नाही. मैत्रीण म्हणते, पेमेंट प्लॅटफॉर्म वापर. अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो, क्लायंटला माझ्या खात्यात भरू दे, मी तुला पूर्ण पैसे पाठवतो. त्यात गृहकर्जासाठी गेले तर अधिकारी म्हणाले, "मॅडम, हे पैसे घरच्यांनी पाठवलेले दिसताहेत. तुमचं उत्पन्न कुठाय?" पैसे आले की बँक अ‍ॅपवर कारण विचारते, तिथे मी 'फॅमिली मेंटेनन्स' निवडते, कारण त्याला कागद मागत नाहीत. रिटर्न दरवर्षी भरते. सर्वांत स्वस्त मार्ग कोणता, आणि कर्जासाठी काय दाखवू?

उत्तर

नमस्कार,

तुमचा राग चार्जेसवर आहे, आणि मला जास्त काळजी त्या अ‍ॅपवरच्या 'फॅमिली मेंटेनन्स'ची वाटते. पण आधी पैशांचा माग काढू, नाहीतर पुढचं काही पटणार नाही. तुम्ही पत्रासोबत बँकेची क्रेडिट अ‍ॅडव्हाइस जोडलीत हे फार बरं केलंत. तुमचे जवळजवळ सगळे 'हरवलेले' पैसे त्या एका पानावर सापडतात.

सुरुवात तुमच्या अपेक्षेपासून. १,०८,७२० हा आकडा बिलाच्या दिवसाचा आहे. पैसे जमा झाले तेव्हा बाजारात डॉलर ९० रुपयांवर आलेला होता. मधल्या दिवसांत दर ६० पैशांनी उतरला, त्याचे ७२० रुपये. हे कुणी कापलेले नाहीत. पुढच्या महिन्यात दर चढला तर तेवढेच जास्त येतील आणि तेव्हा तुम्ही शाखेत आभार मानायला जाणार नाही! हे ७२० बाजूला ठेवले की खरी तुलना १,०८,००० शी उरते, आणि खरी घट ४,०४९ रुपयांची.

आता अ‍ॅडव्हाइसवरची पहिली ओळ बघा. तुमच्या बँकेकडे १,१८० डॉलर आले, १,२०० नाहीत. म्हणजे २० डॉलर वाटेतच गेले. परदेशातून स्विफ्टने येणारे पैसे बहुतेक वेळा थेट येत नाहीत. क्लायंटच्या बँकेचं आणि तुमच्या बँकेचं एकमेकांकडे खातं नसेल तर मध्ये एखादी करस्पाँडंट बँक असते, आणि ती आपला मोबदला रकमेतूनच काढून घेते. तुमच्या शाखेतले लोक खोटं बोलत नव्हते. ते पैसे त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते, त्यामुळे त्यांच्या स्क्रीनवर ते दिसणारही नाहीत. ९० च्या दराने हे झाले १,८०० रुपये.

दुसरी ओळ दराची. बँकेने १,१८० डॉलर ८८.५० ने बदलून दिले. इंटरनेटवर शोधल्यावर दिसतो तो दर बँका आपसात मोठे व्यवहार करतात त्याच्या मधला असतो. तुम्हाला लागतो तो टीटी बायिंग रेट, म्हणजे तारेने आलेलं परकीय चलन बँक तुमच्याकडून ज्या भावाने विकत घेते तो. दोहोंतला दीड रुपया ही बँकेची कमाई. १,१८० गुणिले दीड, १,७७० रुपये. याला 'चार्जेस' म्हणत नाहीत, म्हणून तो स्टेटमेंटवर कुठल्याच रकान्यात येत नाही. 'झिरो चार्जेस' अशी जाहिरात दिसली की मी आधी दर विचारते, त्याचं कारण हेच.

उरलेले ४७९ दिसताहेतच. त्यातले २५० रुपये परदेशी पैसे स्वीकारण्याची फी आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी ४५. बाकी १८४ हा चलन बदलण्यावरचा जीएसटी. हा कर पूर्ण रकमेवर नसतो. १ लाखापर्यंतच्या रकमेचा १ टक्का आणि त्यावरच्या भागाचा अर्धा टक्का एवढंच सेवेचं मूल्य धरतात आणि १८ टक्के त्याच्यावर लावतात. तुमचे रुपये झाले १,०४,४३०, म्हणून मूल्य १,०२२ आणि कर १८४. हा सरकारी हिशेब आहे, त्यावर शाखेत वाद घालून उपयोग नाही.

१,८०० अधिक १,७७० अधिक ४७९ म्हणजे ४,०४९. हिशेब लागला.

आता 'सर्वांत स्वस्त मार्ग' या शब्दांकडे येते. फी कुठे कमी, दर कुठे चांगला, असं वेगवेगळं तोलत बसलात तर प्रत्येक जण तुम्हाला आपलाच मार्ग स्वस्त असल्याचं सिद्ध करून दाखवेल. एकच आकडा धरा: खात्यात जमा झालेले रुपये भागिले बिलातले डॉलर. मी त्याला हाती पडलेला दर म्हणते. तुमचा सध्याचा १,०३,९५१ भागिले १,२००, म्हणजे ८६.६३. बाजार ९० असताना ८६.६३. कोणीही कुठलाही मार्ग सुचवला की त्याच दिवसाच्या बाजारदराशी हा आकडा ताडून बघा. मागच्या महिन्याच्या आकड्याशी तुलना करू नका, कारण तेव्हा बाजार वेगळा होता.

मैत्रिणीचा सल्ला वाईट नाही. असे प्लॅटफॉर्म क्लायंटच्या देशात तुमच्या नावाने पैसे स्वीकारायचा खातेक्रमांक देतात. क्लायंट तिथल्या तिथे, देशांतर्गत पद्धतीने भरतो, त्यामुळे मधली बँक येतच नाही. समजा एखाद्याची फी पावणेदोन टक्के आहे आणि दर बाजाराचाच देतो. १,२०० वर २१ डॉलर फी, तिच्यावर जीएसटी ३.७८ डॉलर, उरले १,१७५.२२. रुपयांत १,०५,७७० आणि हाती पडलेला दर ८८.१४. सध्यापेक्षा महिन्याला १,८१९ रुपये जास्त, वर्षाला जवळपास २२,००० रुपये. दुर्लक्ष करण्यासारखी रक्कम नाही. मात्र फी वेगळी आणि दरातही कपात, असे दोन्हीकडून घेणारेही असतात. तिथे फीच्या टक्केवारीवर भुलू नका, भागाकार करा.

पण बँकेत राहून काय जमतं तेही बघा, कारण हा पर्याय लोक तपासतच नाहीत. दोन गोष्टी मागायच्या, एक क्लायंटकडे आणि एक बँकेकडे.

क्लायंटकडे मागायची ती चार्जेसची पद्धत. परदेशी ट्रान्सफर करताना पाठवणाऱ्याला तीन पर्याय असतात. `OUR` म्हणजे वाटेतला खर्च पाठवणारा सोसणार, `SHA` म्हणजे वाटून घेणार, `BEN` म्हणजे सगळा घेणाऱ्याच्या माथी. बहुतेक जण काही न निवडता पुढे जातात आणि `SHA` लागू होतं. क्लायंटला सरळ लिहा की बिल १,२०० चं आहे आणि १,१८० पोचले, पुढच्या वेळी `OUR` निवडाल का. पटलं नाही तर त्याच्या बँकेकडून ट्रान्सफरची प्रत मागवा. तिला बोलीभाषेत अजूनही `MT103` म्हणतात. त्यात `33B` समोर मूळ पाठवलेली रक्कम, `32A` समोर पुढे सरकवलेली रक्कम, `71A` समोर चार्जेसचा पर्याय आणि `71F` समोर कुणी किती कापले हे असतं. नव्या संदेशपद्धतीत नावं बदलली आहेत, पण बँकेने दिलेल्या प्रतीत ह्याच चार गोष्टी शोधायच्या. माझ्या एका जुन्या क्लायंटने 'मी पूर्ण पैसे पाठवले' असं तीन वेळा लिहिलं होतं. प्रत आली तेव्हा दिसलं की तोही खरं बोलत होता आणि मीही, मधल्यांनी ३० डॉलर घेतले होते. त्यानंतर आमच्या करारात 'बिलाची पूर्ण रक्कम घेणाऱ्याच्या बँकेत पोचली पाहिजे' असं एक वाक्य आलं. तुम्हीही पुढच्या नूतनीकरणाला ते घाला.

बँकेकडे मागायचा तो दर. सकाळी फळ्यावर लागतो तो कार्ड रेट. ज्यांनी काही विचारलं नाही त्यांना तो मिळतो. दरमहा ठरलेली रक्कम येणाऱ्या ग्राहकाला त्यापेक्षा चांगला दर देण्याचा अधिकार बँकेच्या फॉरेक्स डेस्कला असतो, शाखेतल्या काउंटरला सहसा नसतो. म्हणून शाखा व्यवस्थापकाला ईमेल करा: दर महिन्याला इतके डॉलर येतात, वर्षाला १४,४००, मला बाजारदरापेक्षा किती पैसे कमी अशा भाषेत ठरलेली सवलत द्या. 'चांगला दर द्या' असं मोघम मागू नका. पैशांत बोला आणि उत्तर लेखी घ्या. समजा दीड रुपयाचे ७५ पैसे झाले आणि क्लायंटने `OUR` मान्य केलं. मग १,२०० गुणिले ८९.२५, म्हणजे १,०७,१००. त्यातून २९५ फी आणि चलनबदलाचा १८६ जीएसटी गेला की १,०६,६१९. हाती पडलेला दर ८८.८५, आपल्या उदाहरणातल्या प्लॅटफॉर्मपेक्षाही जास्त. क्लायंटने `OUR` ला नकार दिला तर मात्र तराजू पुन्हा प्लॅटफॉर्मकडे झुकतो, कारण २० डॉलर १,२०० वर फार जड पडतात. म्हणूनच क्लायंट पंधरवड्याला ६०० पाठवत असेल तर त्याला महिन्यातून एकदाच पाठवायला सांगा. मधल्या बँकेला रकमेशी देणंघेणं नसतं, ती खेपेचे पैसे घेते. नवीन, न पारखलेल्या क्लायंटबाबत मात्र हा सल्ला पाळू नका. तिथे २० डॉलर वाचवण्यापेक्षा पंधरा दिवसांनी हातात काहीतरी येणं महत्त्वाचं.

कुणी तुम्हाला ईईएफसी खातं उघडून डॉलर धरून ठेवा असंही सांगेल. एका महिन्यात आलेले डॉलर पुढचा महिना संपायच्या आत रुपयांत बदलावे लागतात, खात्यावर व्याज नाही. महिन्याच्या महिन्याला घरखर्च चालवणाऱ्याला त्यात फारसं काही नाही.

मावसभावाचा मार्ग कागदावर सर्वांत स्वस्त दिसतो, आणि त्याचा हेतू चांगला असेल यात मला शंका नाही. तरी नको. तुम्ही केलेलं काम ही निर्यात आहे, आणि परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली, म्हणजे फेमाखाली, त्याचे पैसे अधिकृत बँकिंग मार्गाने तुमच्याकडे, त्या कामाचे पैसे म्हणूनच यायला हवेत. भावाने पाठवले की ते नातेवाइकाने पाठवलेले पैसे होतात. क्लायंटच्या बाजूनेही गोंधळच. अमेरिकी क्लायंटने तुमच्याकडून `W-8BEN` भरून घेतला असेल, म्हणजे काम करणारी व्यक्ती अमेरिकेबाहेरची आहे याची नोंद त्याच्याकडे आहे, आणि पैसे मात्र अमेरिकेतल्या भलत्याच नावाच्या खात्यात जाणार. भावाला तिथे कुणी विचारलं तर तो काय सांगेल? आणि भाऊ पैसे डॉलरमध्ये न पाठवता इथल्या कुणाकडून तुम्हाला रुपये द्यायला लावत असेल, तर त्याला आपल्याकडे हवाला म्हणतात. एवढं सगळं करून कर्ज अधिकाऱ्याचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो, कारण आता तर पैसे खरोखरच घरच्यांनी पाठवलेले असतील.

त्या अधिकाऱ्यावर रागावू नका, त्याने जे लिहिलं होतं तेच वाचलं. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक रकमेला बँक एक पर्पज कोड लावते आणि तो रिझर्व्ह बँकेला कळवते. तुम्ही निवडता तो `P1301`. परदेशी राहणाऱ्या भारतीयांनी कुटुंबाच्या खर्चासाठी किंवा बचतीसाठी पाठवलेल्या पैशांचा तो कोड. तुमच्या कामाचा सरळ बसणारा कोड `P0802`, सॉफ्टवेअर कन्सल्टन्सी आणि इम्प्लिमेंटेशन. (व्यवस्थापन सल्ला देणाऱ्यांसाठी `P1006` आहे. बाकी वाचकांनी आपापल्या कामाचा कोड बँकेच्या यादीत शोधावा, 'इतर सेवा' हा शेवटचा आसरा.) तुम्ही रिटर्नमध्ये हे पैसे व्यवसायाचं उत्पन्न म्हणून दाखवता आणि बँकेला सांगता की घरच्यांनी पाठवले. एकाच रकमेबद्दल तुमचीच दोन विधानं, आणि दोन्ही कर्जाच्या फाइलमध्ये शेजारी शेजारी. कागद मागत नाहीत म्हणून तुम्ही तो कोड घेतलात हे मी समजू शकते. पण ते कागद, म्हणजे बिल आणि करार, तुमच्याकडे आहेतच. ते अपलोड करण्याची पाच मिनिटं वाचवली आणि तीन वर्षांचा पुरावा गेला.

हे दुरुस्त होऊ शकतं, फक्त तोंडी सांगून होणार नाही. एक तक्ता करा. प्रत्येक रकमेसमोर जमा तारीख, डॉलर, रुपये, बँकेचा संदर्भ क्रमांक, तुमचा बिल क्रमांक, लागलेला कोड आणि योग्य कोड. सोबत करार आणि बिलं जोडून शाखेला आणि बँकेच्या फॉरेक्स विभागाला लेखी विनंती द्या, पोच घ्या. चूक तुमच्याकडून झाली असं स्वच्छ लिहा, कारणमीमांसा नको. अलीकडच्या महिन्यांचे कोड बँक तुलनेने सहज बदलते. जुन्यांना वेळ लागेल, काही बाबतीत नकारही येईल. नकार आला तरी तुमचा अर्ज, पोच आणि तो तक्ता कर्जाच्या फाइलमध्ये लावा. आपली चूक आपणच आधी मांडलेली असणं आणि समोरच्याने ती शोधून काढणं यांत अधिकाऱ्याच्या लेखी फरक पडतो.

इथून पुढे प्रत्येक रकमेमागे बँकेकडून फॉरेन इनवर्ड रेमिटन्स अ‍ॅडव्हाइस, म्हणजे एफआयआरए, घ्या. लोक सवयीने एफआयआरसी म्हणतात. शाखेत तो शब्द वापरलात तर 'ते आता देत नाही' असं उत्तर मिळून परत यावं लागण्याचा संभव आहे, कारण सेवांच्या पैशांसाठी ते जुनं कागदी प्रमाणपत्र बंद झालं आहे. एफआयआरए हातात आली की चार गोष्टी वाचा: पाठवणाऱ्याचं नाव, परकीय चलनातली रक्कम, लावलेला दर आणि पर्पज कोड. क्लायंटला ट्रान्सफरच्या संदेशात बिल क्रमांक टाकायला सांगा, म्हणजे बिल आणि रक्कम यांची जोडी कागदावरच लागते.

प्लॅटफॉर्म निवडला तर हे अधिकच महत्त्वाचं. तिथून पैसे तुमच्या खात्यात देशांतर्गत एनईएफटीसारखे येतात. स्टेटमेंटवर प्लॅटफॉर्मचं नाव दिसतं, क्लायंटचं नाही आणि डॉलरही नाहीत. म्हणून खातं उघडण्याआधी विचारा: एफआयआरए मिळते का, प्रत्येक रकमेची मिळते की महिन्याची एकत्र, तिच्यावर कोणत्या बँकेचं नाव असतं, क्लायंटचं नाव येतं का आणि वेगळे पैसे पडतात का. उत्तर गोलमोल आलं तर दोन रुपये जास्त सुटत असले तरी मी तिथे गेले नसते. शक्य असेल तर याच टप्प्यावर कामाचे पैसे वेगळ्या चालू खात्यात घ्यायला लागा. बचत खात्यात किराणा आणि डॉलर एकत्र असले की वाचणाऱ्याला उत्पन्न उपसून काढावं लागतं.

आता रिटर्न. परदेशी क्लायंट इथला टीडीएस कापत नाही. त्यामुळे तुमच्याकडे फॉर्म १६ नाही आणि २६ एएसमध्ये या उत्पन्नाची ओळ नाही. नोकरदाराचं उत्पन्न तिसराच कुणीतरी सांगतो, तुमचं तुम्हालाच सांगावं लागतं, म्हणून बिल, एफआयआरए आणि रिटर्न ही साखळी लागते. आणि रिटर्नमध्ये तुम्ही अनुमानित योजना वापरत असाल अशी माझी अटकळ आहे. माहिती तंत्रज्ञानासारख्या ठरावीक व्यवसायांना एकूण जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवायची मुभा आहे, हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. जमा रोखीत नसेल तर ही सोय ७५ लाखांपर्यंत मिळते.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. वर्षाचे १४,४०० डॉलर, ९० ने १२,९६,००० रुपये. निम्मे दाखवले तर रिटर्नवर उत्पन्न ६,४८,०००. गृहकर्जाची पात्रता बहुतेक बँका याच आकड्यावर काढतात. पण ५० टक्के ही कमीत कमी मर्यादा आहे. प्रत्यक्ष नफा जास्त झाला असेल तर जास्त दाखवायचा असतो. तुमचा लॅपटॉप, इंटरनेट, सॉफ्टवेअर, बँकेची कपात सगळं धरून वर्षाला खर्च २ लाख असेल तर खरा नफा ११ लाखांच्या आसपास. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य येतो. म्हणजे ६.४८ लाख दाखवा किंवा खरे ११ लाख दाखवा, दुसरं उत्पन्न नसेल तर कर दोन्हीकडे शून्यच, पण कर्जाची पात्रता मात्र बरीच वेगळी. तुमच्या सीएला हे दोन्ही हिशेब मांडून दाखवायला सांगा. मागच्या वर्षांचे रिटर्न कर्जासाठी फुगवायचा विचार मात्र करू नका. खरा नफा काय होता तेवढाच प्रश्न आहे. आणि एकूण जमा लिहिताना बिलाची पूर्ण रक्कम धरा, खात्यात पडलेली नाही. वाटेत कापलेले २० डॉलर हा तुमचा खर्च आहे, अनुमानित योजनेत तो त्या निम्म्यातच धरलेला असतो, तो वेगळा वजा होत नाही.

कर्जासाठी घाई नसेल तर मी तीन-चार महिने थांबले असते. योग्य कोडच्या तीन-चार रकमा, त्यांच्या एफआयआरए आणि दुरुस्तीच्या अर्जाची पोच एवढं जमलं की फाइल वेगळी दिसते. घाई असेल तर त्याच अधिकाऱ्याकडे परत जा. क्लायंटशी झालेला करार, तीन वर्षांचे रिटर्न उत्पन्नाच्या हिशेबासकट, बारा महिन्यांची बिलं आणि तो तक्ता बरोबर न्या. तक्ता सगळ्यात वर ठेवा. अधिकाऱ्याला बिल क्रमांकावरून जमा रकमेपर्यंत बोट फिरवता आलं पाहिजे, तुम्ही काही न बोलता.

आणि दर ईमेलने मागायचा तो आजच मागा, पुढचं बिल जायच्या आधी.